धागा: ‘h ~ 10⁻²¹’ असली स्लाईड नववी-दहावीच्या पोरांपुढे कशी मांडायची?

रंकाळाकाठ

गुरुत्वीय लहरींवर २२ स्लाईडचं सादरीकरण तयार आहे. कोल्हापुरातल्या एका विज्ञान मंडळात नववी-दहावीची साठेक मुलं येणार, निम्मी मराठी माध्यमाची, निम्मी सेमीची. वेळ पाऊण तास. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ या लहरी टिपणारं लायगो-इंडिया हे यंत्र उभं राहणार आहे, तेव्हा विषय आपल्याच राज्यातला म्हणायला हरकत नाही.

१९ स्लाईड ठीक आहेत, कृष्णविवरांची चित्रं वगैरे. तीन मूळ शास्त्रीय भाषणातून जशाच्या तशा आल्यात आणि तिथं मुलं झोपणार:

स्लाईड ७: h = ΔL / L ~ 10⁻²¹, L = 4 km
स्लाईड ११: दोन भुजांचा व्यतिकरणमापी, काळी पट्टी, कलाफरक
स्लाईड १५: मॅच्ड फिल्टर, त्याखाली एक इंटिग्रल

या तिन्ही रोजच्या उपमांनी नव्यानं लिहायच्यात. अट एकच, उपमा खोटी नको. पुढं बारावीत गेल्यावर ‘तेव्हा चुकीचं सांगितलं होतं’ असं पोरांनी म्हणू नये.

तांबडापांढरा

स्लाईड ७ वर नुसतं लिहा: ‘मिसळीत मीठ किती कमी पडलं हे चंद्रावरून ओळखणं’. झालं काम.

पेठकर_काका

कांद्याच्या पापुद्र्याची स्लाईड करताना सॅफ्रॅनिनचा एकच थेंब घालावा आणि काच तिरकी धरून अलगद ठेवावी, म्हणजे बुडबुडा राहत नाही. पोरांना लगेच पेशी दिसतात.

तांबडापांढरा

काका, ती काचेची स्लाईड. इथं पडद्यावरची चाललीय. 😄

पेठकर_काका

मग शीर्षकात तसं लिहा की.

अणुरेणू

स्लाईड ७ पासून सुरू करतो. तिच्यात दोन वेगवेगळ्या अडचणी आहेत आणि एका उपमेत दोन्ही कोंबल्या की घोळ होतो. पहिली, h ही लांबी नाही, गुणोत्तर आहे. दुसरी, ते गुणोत्तर डोक्यात मावणार नाही इतकं बारीक आहे. दोन स्लाईड करा.

गुणोत्तरासाठी पायजम्याच्या नाडीचं इलॅस्टिक घ्या, १ मीटर. दर १० सेंमीवर पेनानं खूण करा. दोघांनी टोकं धरून ते ११० सेंमी होईपर्यंत ताणायचं. शेजारच्या दोन खुणांमधलं अंतर १ सेंमीनं वाढतं, दोन टोकांमधलं मात्र १० सेंमीनं. ताण सगळीकडे तोच, दहात एक. मोजायला मिळणारी वाढ मात्र तुम्ही किती लांबचे दोन बिंदू धरले त्यावर ठरते. लायगोची भुजा ४ किलोमीटर का, याचं उत्तर मुलं इथं स्वतःच देतात. कोल्हापुरात सांगायचं तर स्टेशनपासून रंकाळ्यापर्यंत, थोडं इकडंतिकडं.

बारीकपणासाठी पायऱ्या करा. केसाची जाडी ०.१ मिलिमीटर धरा. तिचे १० लाख भाग केले की एक अणू. अणूचे १ लाख भाग केले की साधारण प्रोटॉन. आणि प्रोटॉनचे ४०० भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे ४ किलोमीटरमधला बदल, 4 × 10⁻¹⁸ मीटर. प्रत्येक पायरीला एक क्लिक द्या. चारही एकदम दाखवल्या तर शेवटी नुसतं ‘लई बारीक’ एवढंच उरतं.

उमा_गडहिंग्लज

पायऱ्या आवडल्या. एक दुसरी उपमा बऱ्याच ठिकाणी असते: सूर्याच्या सर्वात जवळच्या ताऱ्यापर्यंतचं अंतर मोजायचं आणि त्यात केसाएवढा फरक ओळखायचा. ती का नको?

अणुरेणू

हिशेब बरोबर आहे, ताई. ४.२ प्रकाशवर्षं म्हणजे सुमारे 4 × 10¹⁶ मीटर, त्याला 10⁻²¹ नं गुणलं की ४० मायक्रोमीटर, म्हणजे अर्धा केस. पण त्यात दुसरं टोक मुलांना परकं राहतं. ४ प्रकाशवर्षं म्हणजे किती ते त्यांच्या हाताला लागत नाही. पायऱ्यांमध्ये निदान सुरुवात केसापासून होते. मात्र तारा-केस ही उपमा गुणोत्तर थेट सांगते, पायऱ्या सांगत नाहीत. इलॅस्टिकच्या स्लाईडवर ती तोंडी वापरता येईल.

हलगीवाला

इलॅस्टिक एकाच बाजूला ताणतं ओ. लाट आल्यावर एक बाजू लांबते आणि दुसरी आखडते. ते कुठं गेलं?

अणुरेणू

रास्त मुद्दा. इलॅस्टिक तिथंच तुटतं. त्याच्या पुढच्या क्लिकला खेळायची रबरी रिंग दाखवा. उजव्या-डाव्या बाजूनं दाबली की ती उभी लांबते, वरून-खालून दाबली की आडवी. लाट जाताना हेच आलटून पालटून होतं. लायगोच्या दोन भुजा काटकोनात का, हे रिंगेवरून दिसतं, कारण एक लांबताना दुसरी आखडते आणि आपण दोघींमधला फरक मोजतो. वर लिहिलेलं 4 × 10⁻¹⁸ तेच, फरकाचं. एकेका भुजेच्या वाट्याला त्यातलं निम्मं येतं.

स्लाईडच्या तळाशी एक ओळ टाका: ‘रिंग आपण हातानं दाबली. लाटेला हात नाहीत, आरशांमधलं अंतरच बदलतं.’

उमा_गडहिंग्लज

ही तळाची ओळ प्रत्येक उपमेला हवी. ‘इथपर्यंत खरं, इथून पुढं नाही.’ वेगळ्या रंगात, एकच वाक्य. नाहीतर पेपरात ‘गुरुत्वीय लहर म्हणजे इलॅस्टिक’ असं लिहून येतं.

आणि पायऱ्यांची स्लाईड झाली की हात वर होणारच: ‘आरसाच अणूंचा बनलाय, अणू सारखे थरथरतात, मग प्रोटॉनपेक्षा लहान हालचाल मोजली कशी?’ याचं उत्तर स्लाईडवर नसलं तरी तयार ठेवा.

अणुरेणू

हा प्रश्न आला तर समजायचं की स्लाईड पोचली.

लेसरचा झोत आरशावर पडतो तेव्हा काही सेंटीमीटर रुंद असतो, म्हणजे एकाच वेळी अब्जावधींच्या अब्जावधी अणूंवर पडतो. एखादा अणू पुढं तर दुसरा मागं, त्यामुळं थरथर एकमेकांना खोडते. मोजली जाते ती पृष्ठभागाची सरासरी जागा. रंकाळ्यावर बारीक लाटा उठत असतात तरी तलावाची पातळी इंचभर चढली हे सांगता येतंच की. शिवाय अणूंची थरथर लायगो ऐकतं त्या वारंवारतांपेक्षा कितीतरी जलद असते. पूर्ण जात नाही हेही सांगा. आरशावरच्या लेपातली उष्णतेची थरथर हा आजही लायगोपुढचा मोठा अडथळा आहे.

वारणाकाठची_नेहा

थोडं विषयांतर. माझ्याकडे पीसीआरची स्लाईड आहे, ३० चक्रं, 2³⁰. सगळे ‘झेरॉक्स मशीन’ म्हणतात. चालेल का?

उमा_गडहिंग्लज

झेरॉक्समध्ये मूळ एकच कागद राहतो आणि प्रती त्याच्याच निघतात. तसं झालं तर ३० चक्रांत ३० प्रती. पीसीआरमध्ये प्रत स्वतःच पुढच्या फेरीत मूळ बनते, म्हणून दुप्पट-दुप्पट होत १०० कोटींच्या वर जातं. ‘ज्याला मेसेज मिळाला त्यानं पुढच्या फेरीत एका नव्याला पाठवायचा, आणि आधीच्यांनीही पाठवत राहायचं’ हे जवळ जातं. बाकी वेगळा धागा काढा, तिकडं येते.

हलगीवाला

स्लाईड १५ माझ्याकडं द्या. फिल्टर म्हणजे चहाची गाळणी. गोंगाट गाळणीत अडकला, लहर खाली आली. एका ओळीत काम.

अणुरेणू

अर्धं बरोबर, आणि जे अर्धं बरोबर आहे ते दुसऱ्या स्लाईडचं.

१४ सप्टेंबर २०१५ च्या पहिल्या संकेताचं जे प्रसिद्ध चित्र आहे ते ३५ ते ३५० हर्ट्झच्या बाहेरचं सगळं काढून टाकलेलं आहे. तिथं गाळणी चपखल बसते, जाड आणि बारीक बाजूला, मधलं ठेवलं. मॅच्ड फिल्टर मात्र काहीच गाळत नाही. गोंगाट जिथल्या तिथं राहतो. आपल्याला हवी ती चाल आधीच माहीत असते, ती गोंगाटावर ठेवून सरकवत न्यायची आणि कुठं जुळते ते बघायचं. जत्रेतल्या कल्लोळात ओळखीची हलगी ऐकू येते ती अशीच. कान बाकीचा आवाज बंद करत नाही, ठेका माहीत असतो म्हणून तो सापडतो.

हा विषय महाराष्ट्राला जवळचा आहे. अशा चालींचा साठा कसा निवडायचा यावर पुण्याच्या आयुकात संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्ये पायाभूत काम प्रसिद्ध केलं. पहिल्या संकेताच्या शोधात सुमारे अडीच लाख चाली सरकवून पाहिल्या होत्या.

हलगीवाला

हलगीवर आलात ना शेवटी! मग खेळच करू. ८ ठोक्यांची चाल, जोरात म्हणजे +१, हळू म्हणजे −१. गोंगाटाला एक फासा: १ पडला तर −३, २ ला −२, ३ ला −१, ४ ला +१, ५ ला +२, ६ ला +३. दोन्हींची बेरीज लिहायची आणि पोरांना म्हणायचं शोधा.

अणुरेणू

कल्पना उत्तम, पण हे आकडे घेतले तर खेळ फसेल. तीन कारणं.

एक, ८ ठोके फार कमी. चाल नेमकी जुळली तर ८ मिळणार, आणि नुसत्या गोंगाटाची बेरीजच सहज ६ इकडं-तिकडं होते. निम्म्या वेळा चुकीची जागा जिंकेल. दोन, एका फाशाच्या तुमच्या यादीत ० आणि ४ नाहीत. पट्टीत ० किंवा ४ दिसला की तिथं चाल लपलीय हे हुशार पोरगं बेरीज न करताच सांगेल. तीन, ठेका एकसारखा असला तर तो स्वतःशीच पुन्हा जुळतो, ते खाली सांगतो.

असं करा. ४० घरांची पट्टी. प्रत्येक घरासाठी दोन फासे टाका, बेरजेतून ७ वजा करा, आलेला आकडा लिहा. तो −५ ते +५ मध्ये असेल, ० धरून. चाल २४ ठोक्यांची घ्या आणि ती क्रमाक्रमानं जलद होऊ द्या:

```
++++ ---- +++ --- ++ -- ++ -- + -
```

कुठल्याही एका जागेपासून, समजा १० व्या घरापासून, या चालीप्रमाणे + असेल तिथं २ मिळवा, − असेल तिथं २ वजा करा. पट्टी फळ्यावर लिहा. नुसतं बघून काही कळत नाही, एखाददुसरा ६ किंवा ७ दिसेल तेवढाच.

२४ ची चाल ४० च्या पट्टीवर १७ जागी ठेवता येते. साठ मुलांचे १७ गट करा, तीन-चार जणांचा एक, प्रत्येकाला एक जागा. गटानं चाल त्या जागेवर ठेवायची, + खालचे आकडे मिळवायचे, − खालचे वजा करायचे आणि एक बेरीज फळ्यावर आणून लिहायची. बरोबर जागी ४८ च्या आसपास येते, बहुधा ३६ ते ६० मध्ये. बाकीच्या जागी वरच्या बाजूला बहुधा २५ च्या आत. त्याचा स्तंभालेख काढला की एक खांब उंच उभा राहतो, आणि तोच स्लाईड १५ वरचा इंटिग्रल.

तांबडापांढरा

हे म्हणजे साठ पोरांचा संगणक. वीज बिल शून्य, वडापावचं बिल वेगळं.

रंकाळाकाठ

हे फारच कामाचं निघालं. पण जलद होणारी चालच का? आपला ++--++-- पाठ व्हायला सोपा आहे.

अणुरेणू

करून बघा. ++-- सहा वेळा म्हणजे २४. ही चाल खऱ्या जागेपासून चार घरं सरकवली तरी २० ठोके तंतोतंत जुळतात. खऱ्या जागी ४८ तर शेजारी ४०, आणि गोंगाट मिसळला की कोण खरं ते सांगता येत नाही. दोन-तीन सारखेच खांब उभे राहतात. जलद होत जाणारी चाल सरकवली की ती स्वतःशीच जुळत नाही, म्हणून एकच खांब येतो.

निसर्गानं इथं आपली सोय केलीय. दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरताना जवळ येतात तशी वारंवारता चढत जाते. २०१५ च्या संकेतात ती ०.२ सेकंदात ३५ वरून २५० हर्ट्झवर गेली. सरकत्या चालीनं वेळ इतका नेमका सापडतो तो यामुळंच.

चाल चौपट लांब केली तर खांब दुप्पट ठळक होतो, चौपट नाही. मुलं वाढवा म्हणतील, तेव्हा हे लक्षात असू द्या.

हलगीवाला

बरं, पण पहिली लहर याच पद्धतीनं सापडली म्हणून सांगू नका. ती दुसऱ्याच प्रोग्रामनं पकडली होती असं वाचलंय.

अणुरेणू

बरोबर वाचलंय. कुठलीही ठरावीक चाल न धरता, दोन्ही यंत्रांत एकसारखं काही उसळलं का एवढंच बघणाऱ्या शोधानं तीन मिनिटांत ती दाखवली. मॅच्ड फिल्टरनं नंतर ठामपणा आणला. असा योगायोग निव्वळ गोंगाटातून घडायला दोन लाख वर्षांहून जास्त लागतील, हा आकडा त्यातला. स्लाईडवर ‘शोधली’ ऐवजी ‘खात्री केली’ लिहा.

वेळ उरला तर दुसऱ्या फाशांनी दुसरी पट्टी करा आणि तीच चाल एक घर पुढं लपवा. अर्ध्या वर्गाला ही, अर्ध्याला ती. दोन्हीकडं खांब जवळपास त्याच जागी आला तर विश्वास ठेवायचा. लायगोची अमेरिकेत दोन यंत्रं आहेत; लिव्हिंग्स्टनला संकेत आधी आला, हॅनफर्डला ७ मिलिसेकंदांनी नंतर. दोन्हींतलं अंतर ३००० किलोमीटर, म्हणजे प्रकाशाला १० मिलिसेकंद. फरक त्याहून जास्त निघाला असता तर तो संकेत बाद.

उमा_गडहिंग्लज

बेरजेत चुका होणार हे गृहीत धरा. वजा आकडा वजा करताना नववीतही गोंधळ होतो. चाल पारदर्शक कागदावर काढा, + हिरवा आणि − लाल. लालखालच्या आकड्यांची चिन्हं आधी बदलून घ्या, मग नुसती बेरीज. गटातल्या दोघांनी वेगवेगळी करावी, जुळली तरच फळ्यावर.

रंकाळाकाठ

स्लाईड ११ राहिली. मी असं लिहिलंय: ‘दोन धावपटू एकाच वेळी निघतात, एक उत्तरेला, एक पूर्वेला, ४ किलोमीटरवर वळून परत येतात. रस्ते सारखे असतील तर बरोबर पोचतात. एक रस्ता किंचित लांबला तर तो मागं पडतो.’ तळाची ओळ: ‘धावपटू एकदाच जातो, प्रकाश आरशांमध्ये सुमारे ३०० फेऱ्या मारतो.’

हलगीवाला

भावा, अवकाशच ताणलं तर प्रकाशाची लाटही ताणली जाणार. मोजपट्टीच रबरी! मग फरक कळणार कसा? रस्ता ताणला तशी धावपटूची पावलंही ताणली की.

अणुरेणू

आत असलेला प्रकाश ताणला जातो, हे खरं. पण नवा प्रकाश लेसरमधून सतत येतो आणि तो ताणलेला नसतो. लाटेला एक हेलकावा पूर्ण करायला १०० हर्ट्झला १० मिलिसेकंद लागतात. प्रकाश ४ किलोमीटर १३ मायक्रोसेकंदांत जातो. म्हणून एकच धावपटू न पाठवता न थांबता धावपटू सोडत राहा. प्रत्येकाचा वेग तोच, रस्ता तेवढा लांबलेला, म्हणून नंतर निघालेले उशिरा पोचतात. पावलं मोजू नका, घड्याळ बघा.

प्रयोगवही

याला माझा विरोध. ‘अवकाश ताणलं’ हेही एक बोलणंच झालं. दुसऱ्या निर्देशांकांत तोच हिशेब मांडला तर अवकाश ताणलं जात नाही, टांगलेले आरसेच हलतात, आणि उत्तर तेच येतं. मुलांना सरळ ‘आरसे हलले’ सांगा. रबरी मोजपट्टीचा प्रश्नच उद्भवत नाही.

अणुरेणू

उत्तर तेच येतं हे मान्य. पण ‘आरसे हलले’ म्हटलं की लगेच ‘कुणी ढकलले?’ येतं, आणि इलॅस्टिकची अख्खी स्लाईड वाया जाते.

प्रयोगवही

मग इलॅस्टिक काढा. रिंग पुरेशी आहे.

उमा_गडहिंग्लज

इलॅस्टिक काढलं तर भुजा ४ किलोमीटर का, हे कशावरून सांगणार?

रंकाळाकाठ

तूर्त इलॅस्टिक ठेवतो. स्लाईड ११ वर ‘सतत सुटणारे धावपटू आणि घड्याळ’ लिहितो, आरसे हलण्याचं तोंडी, कुणी विचारलं तरच. १५ ची स्लाईड काढून टाकतो, तिथं फक्त पट्टी आणि चाल. खेळाला वीस मिनिटं धरली तर कृष्णविवरांच्या सहा स्लाईड जाणार. कुठल्या उडवू? यादी आज रात्री टाकतो.

तांबडापांढरा

सूत्रसंचालन आणि सत्काराच्या स्लाईड आधी उडवा.

पेठकर_काका

फासे माझ्याकडं लुडोचे दोन डबे आहेत. कुठं आणून देऊ?